नातं लिहा

मागच्या शनिवारी घरी पाथर्डीला गेलो होतो. शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत क्लायंटचा कॉल चालला आणि सकाळी सहाच्या एस्टीत बसलो, त्यामुळे शिरूर, सुपा, नगर कधी मागे पडलं ते कळलंच नाही. करंजीच्या घाटात गाडी वळायला लागली तेव्हा जाग आली. घरी पोचलो तर ओसरीवर सात-आठ पोरं पालथी पडून काहीतरी लिहीत होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, पण तिच्यातली बाई काही निवृत्त झाली नाही. आजूबाजूच्या पोरांची शिष्यवृत्तीची तयारी ती फुकट करून घेते.

चहा होईपर्यंत मी एक कागद उचलून पाहिला. आपण सगळ्यांनी कधी ना कधी सोडवलेले ते प्रश्न. वरच्या अर्ध्या भागात समसंबंध, खालच्या अर्ध्या भागात ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’. पुण्यात पहिल्या नोकरीच्या ॲप्टिट्यूड टेस्टमधे हेच प्रश्न इंग्रजीतून सोडवले होते, ते आठवून जरा हसू आलं. पण आईच्या कागदात एक गोष्ट वेगळी होती. प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने एक जादा रकाना आखलेला, आणि वर लिहिलेलं, ‘नातं लिहा’. नुसतं उत्तर लिहून चालत नाही. पहिल्या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं काय, ते वाक्यात लिहायचं.

“हे कशाला? परीक्षेत तर नुसता गोल काळा करायचा असतो ना?” मी विचारलं.

“अरे, गोल कुणीही काळा करतं,” आई म्हणाली. “चारातला एक नशिबानेसुद्धा लागतो.”

हा रकाना डोक्यात बसला. रविवारी परतताना आणि नंतरचे दोन-तीन दिवस मी हे प्रश्न आले कुठून ते वाचत बसलो. त्यातून निघालं असं, की हा रकाना आईने नव्याने जोडलेला नाही. तो मुळात होताच. मधल्या काळात तो गळाला, आणि कसा गळाला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सुरुवात मात्र फार मागे जाऊन करतो. समसंबंधाचा प्रश्न छापतात कसा ते आठवा.

शेळी : करडू :: मेंढी : ?

हे ठिपके गणितातले आहेत. मधले चार ठिपके, म्हणजे प्रमाणाचं चिन्ह, विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने १६३१ साली छापलेल्या पुस्तकात वापरले. दोन गुणोत्तरं सारखी आहेत एवढाच त्यांचा अर्थ. पण चिन्ह तिकडचं असलं तरी कल्पना आपल्याकडे त्याआधी हजारेक वर्षं नांदत होती, आणि तिचं नाव माझ्या आजोबांच्या पिढीला पाठ होतं: त्रैराशिक. तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधे हा नियम दिला आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही तो आहे. राशींची नावं फार सुरेख आहेत. प्रमाण, फल आणि इच्छा, आणि जे काढायचं ते इच्छाफल. पाच किलो कांद्याला शंभर रुपये, तर आठ किलोला किती? पाच किलो हे प्रमाण, शंभर रुपये हे फल, आठ किलो ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं, एकशे साठ. झालं.

आता यात एक अट आहे. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत. किलो असतील तर दोन्ही किलो. लीलावतीत तर मांडणीच अशी सांगितली आहे की एका जातीच्या या दोन राशी दोन टोकांना ठेवा आणि वेगळ्या जातीचं फल मधे. शाळेत आम्ही चुकायचो ते बहुतेक इथेच.

हीच अट शब्दांच्या त्रैराशिकाला जशीच्या तशी लागू पडते. शेळी हे प्रमाण, करडू हे फल, मेंढी ही इच्छा. शेळी आणि मेंढी एका जातीच्या आहेत का? आहेत, दोघी आया. म्हणजे उत्तर करडाच्या जातीचं, पिल्लू, हवं. कोकरू. समजा कुणी घाईत ‘शेळी : करडू :: कोकरू : ?’ असं छापलं, तर आई आणि पिल्लू समोरासमोर आले, मांडणी उलटी झाली. गाइडांमधे असे प्रश्न सापडतात. हुशार पोरगं तिथे मनातल्या मनात प्रश्न सुधारून घेतं आणि ‘मेंढी’ लिहून मोकळं होतं. सरळ पोरगं अडकतं.

पण कांद्याच्या त्रैराशिकात आणि करडाच्या त्रैराशिकात एक मोठा फरक आहे, आणि सगळी भानगड त्या फरकात आहे. कांद्याच्या गणितात नातं ठरलेलं असतं. माल वाढला की पैसे त्याच पटीत वाढणार, हे कुणी विचारत नाही. शब्दांच्या गणितात नातं दिलेलंच नसतं. एका जोडीवरून ते आपण ओळखायचं, आणि एका जोडीत नाती अनेक असू शकतात.

आईच्या कागदावरचाच दुसरा प्रश्न घेऊ.

मुळा : प्रवरा :: प्रवरा : ? आणि पर्याय भीमा, गोदावरी, सीना, भंडारदरा.

नगर जिल्ह्याच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मुळा आणि प्रवरा दोघी अकोले तालुक्यात सह्याद्रीत उगवतात, एक हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, दुसरी रतनगडाच्या. मुळा राहुरीवरून येऊन नेवासे तालुक्यात प्रवरेला मिळते आणि प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीत जाते. सीना नगर शहराजवळ उगवते पण दक्षिणेला उतरून भीमेला मिळते. भंडारदरा हे प्रवरेवरचं धरण.

ओसरीवरच्या पोरांनी नात्याच्या रकान्यात तीन प्रकारचं लिहिलं होतं. एकाने लिहिलं, ‘दोन्ही नद्या’. हे खोटं नाही, पण या नात्याने फक्त भंडारदरा बाद होतो. तीन पर्याय उभेच राहतात. दुसऱ्याने लिहिलं, ‘लहान नदी, मोठी नदी’. हेही खरं आहे. पण यानेही भंडारदराच बाद होतो, सीना, भीमा आणि गोदावरी तिघी शिल्लक. तिसऱ्याने लिहिलं, ‘पहिली नदी दुसरीला जाऊन मिळते’. आता एकच उरली.

नात्याचं वाक्य पुरेसं घट्ट झालं की नाही ते कळायची खूण इतकीच, की ते वाक्य तीन पर्याय मारतं का? दोन पर्याय जिवंत असतील तर वाक्य अजून सैल आहे, पुन्हा लिही. (कोडिंगवाल्यांनो, टेस्ट केस लिहिताना आपण वेगळं काय करतो?) आणि एकही पर्याय उरला नाही तर नातं उलट्या दिशेने वाचलंय का ते बघ. ‘पहिलीत दुसरी मिळते’ असं लिहिणाऱ्याला उत्तर सापडणारच नाही.

आणखी एक गंमत. ज्या पोराने ‘दोन्ही नद्या’ लिहिलं होतं त्याने पर्याय मात्र गोदावरीच निवडला होता. आणि ज्या पोरीने ‘जाऊन मिळते’ हे बरोबर लिहिलं तिने भीमा निवडली, कारण प्रवरा कुठे जाते हे तिला माहीत नव्हतं. पाथर्डीच्या पोरीला का माहीत असावं? गोल काळा करण्याच्या परीक्षेत पहिल्याला गुण मिळतो, दुसरीला शून्य. नात्याचा रकाना असेल तर दिसतं, की पहिल्याला विचार शिकवायचा आहे आणि दुसरीला फक्त नकाशा दाखवायचा आहे. हे दोन आजार वेगळे, औषधं वेगळी.

आता रकाना गळाला कधी, ते सांगतो.

१९०५ साली पॅरिसमधे आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी थिओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी काढली. काम साधं होतं. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायची, म्हणजे त्यांना वेगळं शिकवता येईल. चाचणीत तीस गोष्टी होत्या आणि मूल समोर बसवून एकेक विचारायच्या. त्यातल्या काही आपल्या ओळखीच्या वाटतील. माशी आणि फुलपाखरू यांच्यात फरक काय? कागद आणि पुठ्ठा? किंवा अमुक अमुक वस्तू कशात सारख्या आहेत? पर्याय नाहीत. मुलाने तोंडाने सांगायचं, आणि समोरच्या माणसाने ऐकून ठरवायचं की सांगितलेलं पटण्यासारखं आहे का. म्हणजे इथे नात्याचा रकाना हीच पूर्ण परीक्षा होती. थोड्याच वर्षांनी, १९११ च्या सुमारास, इंग्लंडमधे सिरिल बर्ट याने तीन शब्द देऊन चौथा विचारायचा प्रश्न मुलांच्या चाचण्यांत वापरला.

ही पद्धत आपल्याकडेही तशीच आली, आणि मराठीत बऱ्यापैकी लवकर आली. मुंबई इलाख्यात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बांधली. नुसतं भाषांतर करून चालत नाही, आपल्या मुलांवर प्रत्यक्ष वापरून कुठला प्रश्न कुठल्या वयाला सुटतो ते पुन्हा ठरवावं लागतं, आणि ते काम त्यांनी केलं. १९४० साली त्यांचं पुस्तक निघालं, ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’. हीसुद्धा एका वेळी एक मूल समोर बसवून घ्यायची चाचणी.

पण तोपर्यंत अमेरिकेत एक घटना घडून गेली होती. १९१७ मधे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्यात लाखो पोरं भरती व्हायला लागली. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने सैन्याला सांगितलं की आम्ही यांची बुद्धी मोजून देतो. आता एकेकाला समोर बसवून ‘माशी आणि फुलपाखरू’ विचारायला वेळ कुणाला? मग छापील चाचणी झाली. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’, न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’. अल्फामधे आठ भाग होते आणि सातवा भाग समसंबंधांचा. तीन मिनिटं आणि चाळीस प्रश्न. पहिली जोडी, तिसरा शब्द, पुढे चार पर्याय, बरोबर शब्दाखाली रेघ मारायची. तपासायला भोकं पाडलेला कागद वर ठेवायचा आणि रेघा मोजायच्या. युद्ध संपेपर्यंत दोन्ही चाचण्या मिळून सुमारे सतरा लाख माणसं तपासून झाली.

नात्याचा रकाना इथे गळाला. कुणी दुष्टपणाने काढला असं नाही. सतरा लाख माणसांचं ‘का’ ऐकायला कुणाकडे वेळ नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम स्केल केली आणि स्केल करताना लॉगिंग बंद केलं. आऊटपुट येतंय, पण ते का येतंय हे आता कुणालाच माहीत नाही.

लॉगिंग बंद केल्यावर काय होतं तेही लगेच दिसलं. या गटात काम केलेला कार्ल ब्रिगहॅम याने १९२३ मधे त्या आकड्यांवरून एक पुस्तक लिहिलं आणि कुठल्या वंशाच्या लोकांना किती अक्कल आहे याची उतरंड मांडली. १९३० मधे त्याने स्वतःच कबूल केलं की ते निष्कर्ष टिकत नाहीत. हाच ब्रिगहॅम १९२६ मधे सुरू झालेल्या ‘सॅट’ परीक्षेमागचा मुख्य माणूस, आणि समसंबंध तिथे पहिल्यापासून होते. पुढे कितीतरी वर्षांनी तिथल्या एका प्रश्नावरून बराच वाद झाला. त्यात धावपटू आणि मॅरेथॉन या जोडीला जुळणारी जोडी होती वल्हवणारा आणि रेगाटा, म्हणजे होड्यांची शर्यत. आता रेगाटा हा शब्द ज्याच्या घरी कुणी होड्या वल्हवत नाही त्याने कुठे ऐकावा? नातं कळूनही माणूस चुकणार. म्हणजे पाथर्डीची पोरगी आणि प्रवरा, तोच मामला. २००५ मधे सॅटमधून समसंबंध काढून टाकले.

‘गटात न बसणारा शब्द’ या प्रश्नाची कथा मात्र वेगळ्या दिशेने जाते, आणि मला ती जास्त आवडली.

१९३१ आणि १९३२ मधे अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तान आणि किर्गिझच्या खेड्यांत गेला. शाळा न पाहिलेले शेतकरी, आणि नुकतंच वर्ष-दोन वर्षं शिकून सामुदायिक शेतीवर लागलेले तरुण, दोघांनाही त्याने तेच प्रश्न विचारले. हातोडी, करवत, ओंडका आणि कुऱ्हाड. यातलं वेगळं कुठलं? तुम्ही-आम्ही डोळे झाकून ओंडका म्हणू. तिथले अडाणी शेतकरी म्हणाले, वेगळं काहीच नाही, सगळी एकमेकांच्या कामाची. करवत कापणार, कुऱ्हाड फोडणार, पण ओंडकाच नसेल तर ही हत्यारं करायचीत काय? लुरियाने सांगून पाहिलं की एकाने तर तिन्ही हत्यारं एकत्र धरली आणि ओंडका बाहेर काढला. तर एकाचं उत्तर अशा अर्थाचं होतं, की त्याच्याकडे सरपण भरपूर असेल, आमच्याकडे नाही.

आणि ज्यांची शाळा फक्त एक-दोन वर्षं झाली होती, त्यांनी सहज हत्यारं एका गटात घातली. अक्कल दोन वर्षांत बदलत नाही. त्यांना एवढंच कळलं होतं की शाळेत ‘वेगळं कुठलं’ असं विचारलं की कामाचा विचार करायचा नसतो, वर्गाच्या नावाचा करायचा असतो. हा संकेत आहे, आणि संकेत शिकवावा लागतो. लुरियाचं हे लेखन रशियात १९७४ पर्यंत पूर्ण छापलंच गेलं नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं आपल्याला कळलं ते त्याने ‘का?’ विचारलं म्हणून. त्याच्या हातात गोलांचा कागद असता तर सगळ्या खेड्याला शून्य मिळून विषय संपला असता.

आता परत ओसरीवर या.

आईच्या कागदात खालच्या भागात एक प्रश्न होता. ‘विळा, कोयता, खुरपे, ऊस’. मी तो वाचला तेव्हा मला लुरिया माहीत नव्हता. नंतर वाचताना अक्षरशः खुर्चीतून उठलो, कारण हा तोच प्रश्न आहे, फक्त आमच्या मातीतला. आईने तो कुठल्याशा गाइडातून उतरवला होता आणि उत्तर अर्थात ऊस.

चौथीतल्या एका पोरीने ‘खुरपे’ लिहिलं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं अर्धी रिकामी होतात, कारखान्यांचा पट्टा प्रवरा-गोदावरीकडचा किंवा त्याही पलीकडचा, आणि माणसं परत येतात ती पाडव्याच्या आसपास. ती आजीकडे राहते. तिच्या नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ऊस कोयत्याने तोडतात. वाढं विळ्याने कापतात. तिथं खुरपं नेत नाहीत.’ (वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. तो जनावरांना घालतात, विकताही येतो.)

“चुकलं का गं हे?” मी आईला विचारलं.

“तूच सांग.”

मग आम्ही दोघांनी चहा घेता घेता तो प्रश्न तपासला. असा प्रश्न तपासायची पद्धत सोपी आहे आणि मला आश्चर्य वाटतं की प्रश्न काढणारे ती वापरत नाहीत. चार शब्दांतून तीन-तीनचे गट फक्त चारच होतात. प्रत्येक गटाला एक नाव देता येतं का बघायचं. फक्त एकाच गटाला नाव देता आलं तर प्रश्न चांगला. दोन गटांना देता आलं तर प्रश्न खराब, मग छापील उत्तर काहीही असो.

विळा, कोयता, खुरपे: शेतीची हत्यारं. ऊस बाहेर. कोयता, खुरपे, ऊस: काही नाव सुचलं नाही. विळा, खुरपे, ऊस: ओढूनताणून काही म्हणता येईल, पण नाही. आणि विळा, कोयता, ऊस: पोरीचा गट. फडात लागणाऱ्या गोष्टी. नाव देता येतं.

“पण हा कामाचा गट झाला,” मी म्हणालो. “शाळेत वर्गाचं नाव लागतं.” (लुरिया न वाचताच मी त्याच्या तरुणांसारखं बोलत होतो.)

आई दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिली आणि एकदम हसली. “अरे, तो विळा, तो कोयता, तो ऊस. आणि ते खुरपं.”

लिंग! तीन शब्द पुल्लिंगी आणि खुरपे एकटं नपुंसकलिंगी. आणि कागद कुठल्या विषयाचा? मराठीचा. भाषेच्या कागदात व्याकरणाने बाहेर पडणारा शब्द हा हत्यारांपेक्षा कमी पक्का कारण नाही, उलट जास्तच. पोरीने ते कारण दिलं नव्हतं हे खरं, पण तिचं उत्तर दोन वेगवेगळ्या वाटांनी बरोबर येत होतं आणि गाइडाचं एका वाटेने. आईने त्या प्रश्नावर आडवी रेघ मारली, सगळ्यांना गुण दिले आणि पोरीला वहीत एक शेरा लिहून दिला. तो मी वाचला नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत काय झालं असतं? शिष्यवृत्तीची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आमच्या वेळी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मधे सरकारने ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. चार पर्याय, गोल काळे करायचे, यंत्र वाचणार. ‘का’ला जागा नाही. पण एक फट आहे. परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि हरकती मागवते, मग अंतिम सूची लागते. दोन गटांना नाव देता येतं हे लिहून दाखवलं तर तेवढ्यापुरता नात्याचा रकाना परत उघडतो. अर्थात हरकत नोंदवायला घरात कुणीतरी ती सूची उघडून वाचणारं हवं, आणि त्या दिवसांत या पोरीचे आईबाप फडात असतात.

नवोदयवाल्यांनी यावर वेगळाच उपाय काढला. आमच्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. त्याच्या प्रवेशपरीक्षेत मानसिक क्षमतेचे चाळीस प्रश्न असतात आणि तिथे समसंबंधही आहे, वेगळं ओळखाही आहे, पण शब्द एकही नाही. सगळ्या आकृत्या. घरात कुठले शब्द बोलले जातात त्याचा फायदा-तोटा नको, हा विचार. विचार प्रामाणिक आहे, पण माझ्या मते यात थोडी पळवाट आहे. त्रिकोण फिरवून करडू आणि कोकरू यांतला फरक येत नाही. भाषेच्या कागदात शब्द हवेतच आणि शब्द आले की घर येणारच. ते टाळण्यापेक्षा ‘का लिहिलंस?’ विचारणं स्वस्त पडतं, निदान सात-आठ पोरांच्या ओसरीवर तरी.

आमच्या जिल्ह्याच्या नावाचंच बघा ना. २०२४ मधे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, कारण अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ सालचा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्याच्या आदल्या वर्षी औरंगाबाद आणि उस्मानाबाद बदलली होती. ‘औरंगाबाद : छत्रपती संभाजीनगर :: अहमदनगर : ?’ हा प्रश्न लगेच नव्या गाइडांत आला असणार, मी पैज लावतो. नातं, जुनं नाव आणि नवं नाव. पण तोच डावा शब्द घेऊन ‘विजापूर : आदिलशाही :: अहमदनगर : ?’ विचारलं तर उत्तर निजामशाही, आणि नातं राजधानी आणि सत्ता. तिसरा शब्द एकच. बदलली ती पहिली जोडी.

असो. रविवारी दुपारी निघायच्या आधी आईने पोरांना उलटं काम दिलं. तुम्ही प्रश्न काढा, दादा सोडवेल, आणि नात्याच्या रकान्यावर बोट ठेवून ठेवा. बहुतेकांनी थवा, घड, घोस, जुडगा असले समूहदर्शक शब्द काढले. ते पटापट सुटले. एकाने मोराच्या केकारवावर अडवायचा प्रयत्न केला, पण तो शब्द माझ्याही वेळी पाठ करून घेत. मी जरा फॉर्मात आलो होतो.

शेवटी त्या खुरपंवाल्या पोरीने कागद पुढे केला.

नवरा-बायको : कोयता :: एकटा गडी : ?

पर्याय होते विळा, मोळी, अर्धा कोयता, उचल. मी इंजिनिअर, पाथर्डीत वाढलेला, आणि मला पहिली जोडीच कळेना. नवरा-बायकोचं आणि कोयत्याचं नातं काय? हत्यार? दोघांचं मिळून एक हत्यार? मग एकट्यालाही एक हत्यार, म्हणून मी विळ्यावर बोट ठेवलं.

“चुकलं, दादा,” ती म्हणाली. “अर्धा कोयता.” आणि रकान्यावरचं बोट उचललं. तिथे लिहिलं होतं, ‘माणसं आणि मुकादम त्यांना काय मोजतो ते’.